खुर्ची मागे झुकते तेव्हा

पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात येणारं मूल सुईला घाबरतं, अशी घरच्यांची समजूत असते. लहान मुलांच्या दातांवर उपचार करताना मला वेगळं दिसतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला आत आल्यावर सुई दिसतच नाही. दिसते ती खुर्ची. पाय जमिनीला लागत नाहीत, पाठीखालचा भाग आपोआप हलू लागतो, छत समोर येतं आणि आई नजरेआड जाते. मागे झुकताना आपण पडतोय असं मुलाला खरोखर वाटतं, कारण तोल सांभाळणारे कानातले अवयव त्याला तसंच सांगत असतात. त्यात डोक्यामागून अनोळखी चेहरा उलटा डोकावतो, तोही मास्कमध्ये. एवढ्यावर मूल ताठ झालं नाही तरच नवल.

म्हणून आदल्या दिवशी सांगायची एक गोष्ट मी लिहिली. निपाणी, संकेश्वर भागातून बेळगावला येणाऱ्या आईबापांना ती देते. गोष्ट अशी :

चिमी पाच वर्षांची झाली. आज ती आईबरोबर बसनं बेळगावला चाललीय. दातांच्या डॉक्टरमावशीकडं.

‘तिथं काय करतात?’ चिमीनं विचारलं.

‘तुझे दात मोजतात,’ आई म्हणाली.

दवाखान्यात एक लांबलचक खुर्ची होती. चिमी आईच्या मागं लपली.

‘आधी बाहुलीला बसवूया,’ मावशी म्हणाली. तिनं बटण दाबलं. घुर्रर्र! खुर्ची हळूहळू मागं झुकली. बाहुली पडली नाही.

‘आता तू दाब.’

चिमीनं बटण दाबलं. घुर्रर्र! खुर्ची वर. पुन्हा दाबलं. घुर्रर्र! खुर्ची मागं.

मग चिमी स्वतः खुर्चीवर चढली. पोटात जरा गुडगुडलं. आईनं तिच्या पायावर हात ठेवला. वर एक मोठा दिवा होता.

‘थांबायचं असलं की डावा हात वर कर,’ मावशी म्हणाली.

चिमीनं लगेच हात वर केला. मावशी थांबली. चिमीनं हात खाली घेतला.

मावशीनं छोटा आरसा दिला. चिमीनं त्यात आपलं नाक बघितलं. मग आरसा तोंडात गेला. गार लागला. ‘एक, दोन, तीन...’ दहा झाले आणि मावशी थांबली.

‘आता खालचे कन्नडमध्ये मोज,’ चिमी म्हणाली.

‘ओंदु, एरडु, मूरु...’ हत्तु आलं. वर दहा, खाली दहा. वीस दात!

घुर्रर्र! खुर्ची सरळ झाली. चिमी उतरली.

‘आई, आता तू बस. बटण मी दाबते.’

एवढीच गोष्ट. त्यात घडतं ते सगळं पहिल्या तपासणीत खरंच करता येतं, आणि तिचा क्रमही ठरवलेला आहे. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत अमेरिकेतले दंतवैद्य हॅरॉल्ड अॅडेलस्टन यांनी १९५९ साली मांडली आणि मुलांचे दंतवैद्य आजही तिच्यावरच चालतात. आरसा आधी हातात, मग तोंडात. खुर्ची आधी बाहुलीखाली, मग चिमीखाली. बटण तिच्या बोटाखाली आलं की हलणारी खुर्ची तिला न विचारता हलत नाही, आणि भीतीचा मोठा भाग तिथंच सुटतो.

चिमीच्या पोटात गुडगुडतं, ते मी मुद्दाम ठेवलंय. अजिबात न घाबरणारी नायिका घाबरलेल्या मुलाला आपली वाटत नाही. आधी कचरणारं आणि मग जमवून घेणारं मूल त्याला जवळचं वाटतं. दुसऱ्या मुलाला उपचार घेताना पाहिलं की बघणाऱ्या मुलाचं वागणं सुधारतं, हे बार्बरा मेलामेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास चित्रफिती दाखवून तपासलं होतं. गोष्ट तेच काम आज्जीच्या मांडीवर करते.

डावा हात का, असं पालक विचारतात. उजव्या हातानं काम करणारा डॉक्टर खुर्चीच्या उजव्या बाजूला बसतो, त्याची हत्यारंही तिकडेच. मुलाचा उजवा हात उसळला तर आरशाला धक्का बसेल. डावा मोकळा असतो. पण हात वर झाला की डॉक्टरनं खरोखर थांबलं पाहिजे, अगदी मूल नुसतं पारखून बघत असलं तरी. ‘एवढं झालं की थांबते’ म्हणत काम पुढं रेटलं, तर त्या दवाखान्यातला तो हात कायमचा निकामी झाला. दहापर्यंतच्या मोजणीचंही तसंच. मुलाला मिनिटं कळत नाहीत, दहा कळतात. आमच्याकडच्या मुलांना ते दोन भाषांत कळतात, आणि भाषा निवडायला मिळाली की मूल मोजणीत गुंततं.

गोष्टीत ‘दुखणार नाही’ हे वाक्य नाही. दुखण्याचा विचारही न केलेल्या मुलाच्या कानात त्यातला ‘दुखणार’ तेवढा राहतो. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हे तर घरातून कायमचं जायला हवं. मुलानं स्वतःहून विचारलं, ‘सुई असते काय?’ तर खोटं बोलू नये. ‘उद्या दात मोजायचे आहेत. आणखी काही करायचं झालं तर डॉक्टर आधी तुला सांगतील,’ हे उत्तर पुरतं.

गोष्ट आदल्या संध्याकाळी सांगावी आणि सकाळी पुन्हा एकदा. आठवडाभर आधी सांगितली तर मूल आठवडाभर तीच चिंता करतं. त्याआधी दवाखान्यात फोन करून विचारावं, आईला आत थांबू देतात का, बटण दाबू देतात का. देत नसतील तर ती वाक्यं काढून टाकावीत. गोष्टीतली एक गोष्ट खोटी निघाली की मूल बाकीचीही खोटी धरतं. निपाणीहून दीड-दोन तासांचा प्रवास असतो, म्हणून सकाळची वेळ घ्यावी आणि मुलाला खाऊ घालून आणावं. झोपेच्या, भुकेच्या वेळी कुठलीच गोष्ट लागू पडत नाही.

खुर्चीवर गप्प पडलेलं मूल शांत असेलच असं नाही. मी आधी पाय बघते. अंगठे आत वळलेत, बोटांनी खुर्चीचा हात आवळलाय, डोळ्यांतून आवाज न करता पाणी येतंय, अचानक ‘शूला जायचंय’ सुरू झालंय, तर खुर्ची सरळ करायची आणि पुन्हा बाहुलीपासून सुरुवात करायची. त्या दिवशी पाचच दात मोजून झाले तरी चालतं.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खुर्चीच नको. आई आणि मी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतो. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं आणि मागे झुकून डोकं माझ्या मांडीवर ठेवतं. आई सतत दिसत राहते. मूल रडलं तर तोंड उघडतंच, तेवढ्यात दात पाहून होतात. पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत, अशी एक भेट झाली तर पुढे खुर्ची इतकी परकी राहत नाही.

मात्र आमच्या भागातली पुष्कळ मुलं पहिल्यांदा येतात तीच दाढ ठणकायला लागल्यावर. त्यांना चिमीची गोष्ट जशीच्या तशी सांगू नये, कारण त्या दिवशी नुसती मोजणी होणार नाही. गालावर सूज आणि अंगात ताप असेल तर गोष्टीसाठी थांबूही नये, त्याच दिवशी यावं. अशा मुलाला वाटेत एवढंच सांगावं : दाढ दुखतेय, डॉक्टर ती बघतील, मी तुझ्या जवळ असेन, आणि थांबायचं असलं की डावा हात. बाकीची गोष्ट सूज उतरल्यावर, पुढच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी.