ताप आला होता का?

पीस स्टेशनला पोस्टिंग आली की काही गोष्टी आपोआप मागे लागतात. मुलांच्या शाळेचे प्रवेश, गॅसचं कनेक्शन आणि रक्तदान शिबिराचं पत्र. बेंगळुरूला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात आमच्याकडे असं पत्र आलं. सीओ साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी सुभेदार मेजर साहेबांकडे. दुसऱ्या दिवशी रोल कॉलला चाळीस नावं तयार. फौजेत ‘स्वेच्छेने’ या शब्दाला जरा वेगळा अर्थ आहे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको.

रक्तकेंद्र चामराजपेटेत होतं. हा शहराचा जुना भाग, 1892 साली आखून वसवलेला. सरळ रस्ते, नंबर घातलेले मेन आणि क्रॉस. कन्नड साहित्य परिषदेची इमारत इथलीच. पायी जाण्याच्या अंतरावर के. आर. मार्केट, टिपूचा उन्हाळी महाल आणि सरकारी इस्पितळं. त्यामुळे रक्ताची मागणी इथे चोवीस तास. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी लागते. त्यांचे आईबाप बाकावर बसलेले दिसतात.

फॉर्म भरून, वजन आणि हिमोग्लोबिन बघून झालं की एक डॉक्टर समोर बसवून प्रश्न विचारतात. आमच्या जवानांना हा भाग कंटाळवाणा वाटत होता. सगळ्यांची उत्तरं एका सुरात: नाही मॅडम, ठीक आहे मॅडम. मी शेजारीच चहा घेत उभा होतो.

मग सातारा जिल्ह्यातला एक हवालदार बसला. ईशान्येतली तीन वर्षं संपवून, रजा काढून नुकताच हजर झालेला. ताप? नाही. आजार? नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि प्रश्न बदलला, “आसामहून आल्यावर कुठल्या गोळ्या घेतल्या का?”

“घेतल्या की. आधी तीन दिवस एक, मग चौदा दिवसांची दुसरी. पण आठ दिवसांत बरं वाटलं, मग सोडली.”

तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, हा व्हायवॅक्स मलेरियाचा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातला ठरलेला उपचार. म्हणजे गावी रजेवर असताना महिन्यापूर्वी त्याला मलेरिया झाला होता आणि औषध अर्धवट राहिलं होतं. बाईंनी त्याला रक्त देऊ दिलं नाही. कोर्स पूर्ण करायचा, आणि पूर्ण बरं झाल्यावर तीन महिन्यांनी यायचं.

हवालदार ओशाळला. खोटं बोलायचा त्याचा इरादा नव्हता, पण आपल्याकडे मलेरिया म्हणजे निव्वळ आजार नसतो. सूर्य मावळला की बाह्या खाली, उघड्या अंगाला मलम, मच्छरदाणी खोचलेली, ही सगळी शिस्त. एवढं असून मलेरिया झाला तर पहिला सवाल येतो, “मच्छरदाणी लावली होती का?” असल्या सवालाची सवय लागलेला माणूस ‘ताप आला होता का’ याला ‘नाही साहेब’ म्हणतो.

मी बाईंना विचारलं, तुम्ही प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी करताच, मग एवढी उलटतपासणी कशाला? कायद्याने आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन्ही कावीळ (बी आणि सी), सिफिलिस आणि मलेरिया अशी पाच गोष्टींसाठी तपासणी बंधनकारक आहे. त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. तो मला रात्रीपर्यंत छळत राहिला.

बहुतेक ठिकाणी मलेरियासाठी झटपट पट्टी वापरतात. रक्ताचा थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटांत रेघ येते किंवा येत नाही. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्या पन्नासाव्या हिश्श्यात, साधारण शंभर ते दोनशे परजीवी असले तर ती भरवशाने उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली निष्णात डोळा त्याहून कमीसुद्धा पकडतो, पण दिवसभर शेकडो स्लाइड बघणारा माणूस तेवढा निष्णात राहत नाही. आता पिशवीत रक्त किती? 350 मिलिलिटर, म्हणजे साडेतीन लाख मायक्रोलिटर. पट्टीच्या नजरेतून सुटेल असा, मायक्रोलिटरमागे फक्त एक परजीवी धरा. तरी पिशवीत साडेतीन लाख परजीवी गेले. रुग्णाला मलेरिया व्हायला दहा-बारासुद्धा पुरतात असं मानलं जातं.

पट्टीची उलटी चूकही होते. फॅल्सिपॅरमचं जे प्रथिन ती शोधते ते बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, मग चांगली पिशवीही टाकून द्यावी लागते. थोडक्यात, पट्टी म्हणजे शेवटचं नाकं. खरी गस्त त्या टेबलावर होते, प्रश्न विचारून.

फ्रिज मदतीला येत नाही. रक्त 2 ते 6 अंशांवर ठेवतात आणि मलेरियाचा परजीवी त्या थंडीत दिवसेंदिवस जगतो. तो तांबड्या पेशीच्या आत बसलेला असतो, आणि पेशी जिवंत ठेवणं हाच तर साठवणीचा हेतू.

जंगलातून आलेल्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. फील्डमध्ये आपण प्रतिबंधक गोळ्या घेतो. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी रक्तातल्या परजीवीला दाबून ठेवते, म्हणून तो भाग सोडल्यावरही ती चार आठवडे चालू ठेवायची असते. पण व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि त्यांना ती हात लावत नाही. महिन्यांनी ते जागे होतात, रक्तात उतरतात आणि माणूस पुन्हा थरथरतो. त्या झोपलेल्यांना मारायलाच प्रायमाक्विनचे चौदा दिवस असतात. आमच्या हवालदाराने नेमके शेवटचे सहा दिवस सोडले होते.

परजीवी यकृतात झोपलेला असतो तेव्हा रक्त स्वच्छ असतं. धोका असतो तो जागा झाल्यापासून ताप चढेपर्यंतच्या थोड्या दिवसांत. माणूस ठणठणीत, पीटी करून आलेला, आणि रक्तात परजीवी वाढत चाललेले. असा माणूस खरं बोलला तरी ‘ताप नाही’ असंच म्हणणार. म्हणून बाईंनी गोळ्यांचं विचारलं.

फॅल्सिपॅरम यकृतात असा झोपत नाही, पण वारंवार मलेरिया होणाऱ्या भागात वाढलेल्या माणसाच्या अंगात तो तापाशिवाय महिनोन्महिने राहू शकतो. अर्धी प्रतिकारशक्ती असलेला, कधीच आजारी न दिसणारा दाता सर्वांत फसवा. मलेरिए नावाचा चौथिया तापाचा परजीवी तर रक्तात दशकानुदशकं टिकल्याची उदाहरणं आहेत.

यातलं खूपसं फौजी माणसाच्या परिचयाचं आहे. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर 1883 मध्ये बेंगळुरूच्या छावणीतच होता. साचलेलं पाणी काढलं की बंगल्यातले डास कमी होतात हे त्याच्या इथेच लक्षात आलं. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी त्याला सापडला तो पुढे, 1897 च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादला. पण रक्त चढवलं तर डासाची गरज उरत नाही. 1911 सालीच असा रुग्ण नोंदला गेला आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. पुण्याला दिवाळी करून परतली आणि रक्त द्यायला गेली, तर तिला तीन महिन्यांनी यायला सांगितलं. ती चिडली, “पुणे काय जंगल आहे का?” नियम पुण्यासाठी नाही, मलेरियाच्या नकाशासाठी आहे. अमेरिकेत ही मुदत आधी वर्षाची होती. 2020 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टंचाईत, ती तीन महिन्यांवर आणली. मलेरियाच्या देशात पाच वर्षांहून जास्त राहून तिथे गेलेल्यांना मात्र तीन वर्षं थांबावं लागतं, कारण तीच अर्धी प्रतिकारशक्ती. त्यांना हे परवडतं, कारण मलेरिया त्यांच्याकडे बाहेरून येतो. आपण ‘मलेरियाच्या भागातून आलेला’ म्हणून सगळ्यांना परत पाठवायचं ठरवलं तर केंद्रं ओस पडतील. म्हणून आपला भर तापाचा इतिहास आणि तपासणी यांवर.

मलेरिया एकटा नाही. काळाआजार झालेला माणूस आपल्याकडे कधीच रक्त देऊ शकत नाही. 1991 च्या आखाती युद्धावरून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांत त्याच कुळातला परजीवी सापडला, तेव्हा तिथे जाऊन आलेल्या सर्वच सैनिकांचं रक्तदान काही काळ बंद केलं होतं. पलटणच्या पलटण बाद.

रक्त घेणाऱ्याच्या बाजूचंही सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाच्या घरी ही वेळ येऊ शकते. रक्त चढवल्यावर ताप यायला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर शस्त्रक्रियेचे टाके निघालेले असतात आणि ताप जखमेचा किंवा डेंग्यूचा समजला जातो. तेव्हा डॉक्टरांना रक्त घेतल्याची तारीख सांगा आणि मलेरियाची स्लाइड मागा. एक फरक रुग्णाच्या फायद्याचा आहे. डासाने दिलेला परजीवी आधी यकृतात जातो, पिशवीतला थेट तांबड्या पेशीत. यकृतात कुणी झोपत नाही, म्हणून असा व्हायवॅक्स उलटत नाही आणि प्रायमाक्विनचे चौदा दिवस लागत नाहीत. जी६पीडीची कमतरता असलेल्यांना ती गोळी घातक ठरते, तेव्हा हे लहान नाही. केंद्रालाही कळवा, म्हणजे ते दात्याला बोलावून तपासू शकतात आणि त्याच पिशवीतून वेगळे केलेले प्लेटलेट कुणाला गेले ते शोधू शकतात.

त्या दिवशी चाळीसपैकी चौतीस जणांनी रक्त दिलं. सुभेदार मेजर साहेबांना सहाचा आकडा खटकला. आता आमच्या शिबिराच्या यादीत दोन रकाने वाढले आहेत: मागची पोस्टिंग कुठे आणि सोडल्याची तारीख, आणि गेल्या सहा महिन्यांत कुठल्या गोळ्या घेतल्या. यादी आदल्या संध्याकाळी एमआय रूममध्ये भरतात, बंद दाराआड, नर्सिंग असिस्टंटसमोर. तिथे मच्छरदाणीचा सवाल कुणी विचारत नाही.