बकुळीच्या नावावर जमा

“म्हणजे मला स्टोरी टाकता येत नाही म्हणून मी आणलेली माणसं मोजायचीच नाहीत होय गं?”

गल्ल्यासमोर उभं राहून काकूंनी हे विचारलं तेव्हा बेसिनवर एक मुलगी डोकं मागे टाकून झोपली होती, आणि दुसऱ्या खुर्चीत एक बाई डोक्याला फॉइल लावून बसल्या होत्या. दोघींनीही ऐकलं. मी हसून वेळ मारून नेली. “तसं नाही हो काकू, ऑफरच तशी आहे,” असं काहीतरी बोलले. काकूंनी पाकिटातून नेहमीप्रमाणे मोजून पैसे काढले, सुट्टं नाणं शोधून दिलं आणि गेल्या. दीड वर्ष झालं, पण ते ‘होय गं’ अजून कानात आहे.

सांगलीत विश्रामबागला माझं लेडीज सलून आहे. तीन खुर्च्या, दोन मुली कामाला, तिसरी मी. या काकू निवृत्त शिक्षिका. दर सहा आठवड्यांनी केस कापायला आणि मुळांना रंग लावायला येतात. त्यांच्या सोसायटीतल्या किती बायका माझ्याकडे येतात ते मी तोवर कधी मोजलं नव्हतं, आणि तोच खरा घोळ होता.

झालं असं की पावसाळ्यात धंदा बसला आणि भाच्यानं डोक्यात भरवलं की ग्राहकांकडून स्टोरी टाकून घे. मी लगेच आरशावर चिकटवलं: आमच्या सलूनला टॅग करून स्टोरी किंवा स्टेटस ठेवा, बिलावर 20 टक्के सूट मिळवा. महिनाभर काय थाट होता! 61 स्टोऱ्या पडल्या. रोज रात्री मी त्या आमच्या पानावर पुन्हा टाकायची आणि कोणी कोणी पाहिलं ते बघत बसायची. महिना संपल्यावर वही काढली. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ‘कोणाकडून कळलं?’ हे मी विचारतेच. त्या 61 स्टोऱ्या बघून आलेल्या बायका होत्या चार.

सरासरी बिल सातशेचं धरलं तर एका सुटीचे 140 रुपये. 61 वेळा म्हणजे 8540. चार बायकांसाठी. माणशी 2135 रुपये! त्यातली एक फक्त थ्रेडिंग करून गेली.

मग मी त्या स्टोऱ्या नीट आठवून पाहिल्या. बऱ्याचशा गल्ल्यासमोरच टाकलेल्या होत्या, बिल देताना, माझ्या डोळ्यांसमोर. फोटोत चेहरा कमी आणि आमच्या दारावरची पाटी जास्त. एका कॉलेजच्या मुलीच्या स्टोरीभोवती हिरवी कडा दिसली. भाचा म्हणाला, ही ‘क्लोज फ्रेंड्स’ची आहे, म्हणजे तिनं निवडलेल्या लोकांनाच दिसते, आणि त्या यादीत तूच एकटी असशील. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसलाही तसं करता येतं, कोणाला दाखवायचं ते निवडता येतं. मला आधी राग आला. नंतर वाटलं, तिचं काय चुकलं? मी स्टोरीचे पैसे देत होते, तिनं स्टोरी दिली. मैत्रीण आणण्याचे पैसे मी ठेवलेच नव्हते.

काकूंचा प्रश्न आला तो त्या ऑफरच्याच महिन्यात. त्या रात्री मी मागच्या दोन वर्षांच्या वह्या घेऊन बसले. ‘कोणाकडून’ या रकान्यात काकूंचं नाव नऊ वेळा होतं. नऊ! त्यांची जाऊ, वरच्या मजल्यावरची डॉक्टरीणबाई, भिशीतल्या तिघी. यातल्या सात जणी आजही येतात. एक पैसा खर्च न करता. आणि ज्या दिवशी काकूंनी पूर्ण बिल दिलं, त्याच दिवशी हिरव्या कडेच्या मुलीला मी 20 टक्के सोडले होते. हे आठवलं की आजही पोटात काहीतरी होतं. दुकानदारी करणाऱ्यानं वही नुसती लिहू नये, वाचावीही. मी लिहीत होते फक्त.

मग ऑफर पुन्हा बांधली. पहिलं ठरवलं ते असं, की स्टोरी टाकण्याबद्दल काहीही द्यायचं नाही. मैत्रीण येऊन, काम करून, बिल भरून गेली की मगच. दुसरं, दोघींना द्यायचं, पण सारखं नाही. नव्या बाईला पहिल्या हेअरकटवर 150 रुपये कमी, आणि आणणारीला एक हेअर स्पा. आमच्याकडे स्पाचे 900 घेतो, म्हणून तिला ते 900 चं वाटतं. मला त्यात क्रीम वगैरे धरून 110 च्या आसपास जातात. बाकी जातो तो वेळ, म्हणून स्पा मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते चारमध्येच. तेव्हा खुर्च्या तशाही रिकाम्या असतात आणि मुली मोबाईल बघत बसतात. शनिवारी तोच स्पा दिला असता तर रंगाचं एखादं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं असतं, मग तो 110 चा राहिला नसता.

मुदतीचीही चूक होती. पहिल्या ऑफरच्या स्टोऱ्या पुन्हा टाकताना मी दर वेळी ‘आज आणि उद्याच’ लिहायचे, घाई व्हावी म्हणून. पण स्टोरी दिसते 24 तास आणि केस वाढतात आपल्या गतीनं. जिनं रविवारी स्टोरी पाहिली तिनं कदाचित मागच्याच आठवड्यात केस कापलेले असतात. तिला गरज पडणार महिन्यानं. म्हणून नव्या बाईसाठी मुदत 45 दिवस केली, आणि चित्रावर तारीख मोठ्या अक्षरात लिहिली, कारण लोक स्क्रीनशॉट काढून ठेवतात. स्पासाठी तीन महिने दिले.

आता कोण कोणाकडून आलं हे कळायचं कसं? नावं छापायची नव्हती, पाहुण्यारावळ्यांना कळतं. मग प्रत्येक ग्राहकाला एक फूल दिलं. मोगरा, अबोली, शेवंती, जाई. ग्राहकाचा फोटो आम्ही खिडकीजवळ उभं करून काढतो, आरशासमोर नाही (ट्यूबलाइटमध्ये रंग उतरल्यासारखा दिसतो). फोटो तिला आवडला आणि तिनं हो म्हटलं, तरच त्यावर फुलाचं नाव घालून तिच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. सोबत ही लिंक, आमचा नंबर घालून:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MOGRA
```

लिंक दाबली की आमच्या नंबरवर ‘MOGRA’ लिहिलेला मेसेज तयार दिसतो, फक्त पाठवायचा. पण इन्स्टाग्रामच्या स्टोरीत लिंक नुसती चित्रावर लिहून चालत नाही, लिंकचा स्टिकर लावावा लागतो, आणि निम्म्या जणी तो विसरतात. म्हणूनच फुलाचं नाव फोटोवर ठळक. दारात येऊन ‘मोगऱ्याकडून आले’ म्हटलं तरी पुरतं. चाळिसाव्या ग्राहकापर्यंत आम्हाला आठवणारी फुलं संपली. भाच्यानं भाज्या सुचवल्या, पण ‘दोडका’ कोणाच्या गळ्यात घालणार? नद्यांवर आलो.

एवढं करूनही पहिले पंधरा दिवस काहीच हलेना. मुली ग्राहकांना ऑफरबद्दल सांगतच नव्हत्या. मला वाटलं, विसरतात. दोनदा रागावलेही. शेवटी मोठी मुलगी म्हणाली, “ताई, स्पा फुकट केला की आमच्या हातात काय पडतं?” तिचा इन्सेंटिव्ह बिलावर. फुकट स्पाचं बिल शून्य, म्हणजे पाऊण तास डोकं चोळून तिला शून्य. आणि हे तिनं स्वतःच ग्राहकाला जाऊन सांगायचं! मी आजवर वाचलेल्या कुठल्याच सल्ल्यात हे नव्हतं. तिला प्रत्येक फुकट स्पामागे 60 रुपये रोख ठरवले. दुसऱ्या दिवसापासून तिची जीभ सुटली.

त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचा हिशेब सांगते. स्टोऱ्या आणि स्टेटस मिळून फक्त 19. नव्या बायका 11. त्यांना सोडलेले 1650. अकरापैकी आठ स्पा घेतले गेले, त्यांची क्रीमं 880 ची, मुलींना 480. एकूण 3010, म्हणजे माणशी पावणेतीनशेच्या आत. त्यातल्या किती जणी तिसऱ्यांदा येतात त्यावर खरं ठरणार, हे मला कळतं. पहिली खेप स्वस्तातच झालेली असते.

गंमत अशी की इन्स्टावर हजारोंनी फॉलोअर असलेल्या एका मुलीकडून कोणीच आलं नाही. बँकेत कॅशियर असलेल्या एका बाईंनी व्हॉट्सअॅपवर साधं स्टेटस ठेवलं, पाहणारे जेमतेम शंभर, त्यातून तीन आल्या. तिघींनीही स्टेटस पाहून आधी त्या बाईंनाच विचारलं होतं, कुठं केलंस म्हणून. तेव्हा स्टोरी ही निव्वळ विचारायला निमित्त आहे असं माझं मत झालंय. आणि तरी खरं सांगायचं तर टॅग झालेली स्टोरी दिसली की अजूनही मला मोगऱ्याच्या हिशेबापेक्षा जास्त आनंद होतो. ती खोड गेलेली नाही.

या सगळ्यात काकूंचं राहिलंच होतं. नव्या ऑफरमध्ये मी मुद्दाम ठेवलं, की स्टोरी नसली तरी चालेल, फूल तोंडी सांगितलं तरी चालेल. त्यांना बकुळ दिली. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा वही समोर धरली, नऊ नावं दाखवली आणि म्हटलं, “काकू, माझं चुकलं. हे जुने सगळे धरून तुमचे स्पा देणं लागते.”

मला वाटलं खूश होतील. त्यांनी चष्मा लावून नावं वाचली आणि वही मिटली. “हे त्यांना कळलं तर काय म्हणतील? स्पासाठी पाठवत होते आम्हाला? मी काय कमिशनवर आहे?”

“पण काकू, तुम्हीच तर म्हणालात...”

“मोज म्हणाले. दे म्हणाले का?”

मग थोड्या वेळानं, केस पुसता पुसता, आरशातच माझ्याकडे बघत म्हणाल्या, “त्या नव्या बायकांचे दीडशे कमी करतेस ना, ते मात्र ‘काकूंनी सांगितलं म्हणून’ असं म्हणून कर. त्यांना कळू दे.”

तेव्हापासून बकुळीकडून चौघी आल्या. प्रत्येकीचे दीडशे कमी करताना मी काकूंचं नाव मोठ्यानं घेते. बिलावरही लिहिते. बाकीच्या ऑफरमध्येही आता हेच वाक्य वापरतो, ‘तुमच्या मैत्रिणीकडून दीडशे’. आमच्याकडून असं म्हणत नाही.

वहीत बकुळीपुढे चार हेअर स्पा जमा आहेत. काकूंनी एकही घेतलेला नाही. पहिल्या दोनाची तीन महिन्यांची मुदत उलटून गेली, तेव्हा मी त्यांच्यापुरती तारीखच खोडली. मोठी मुलगी मात्र अधूनमधून विचारते, “ताई, त्या चार स्पांचे माझे दोनशे चाळीस धरायचे की नाही?”