पंचवीस हजार फेरे

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. मधल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून सायकल हाणताना पुढच्या चाकाच्या आरीला बांधलेली चिंधी चिमट्याला लागून टक् टक् करते. तो आवाज ऐकत गेलं की रस्ता मोजून होतो. निदान असं वाटतं खरं.

हिशेब सोपा आहे. जुन्या काळ्या सायकलीच्या चाकाचा व्यास 70 सेंटीमीटर धरा. 22/7 ने गुणलं की परीघ 2 मीटर 20 सेंटीमीटर. गणितापुरतं अंतर 55 किलोमीटर मानलं, तर फेरे बरोबर 25,000. दर शंभर टकटकींना एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकायचा. दौंडला पोचेस्तोवर अडीचशे चिंचोके. मोजायचं पुढचंच चाक. मागच्यावर आपला भार, पायडलचा जोर आणि ब्रेकचा ताण पडतो, ते थोडं घसरतंही.

गोम आहे ती व्यासात. 22/7 ची चूक या सगळ्या वाटेत जेमतेम 22 मीटरची, ती माफ. पण व्यास 5 मिलिमीटरनं चुकला, तर फेऱ्यामागे दीड सेंटीमीटरहून थोडं जास्त आणि शेवटी जवळजवळ 400 मीटरचा फरक! आणि 5 मिलिमीटर चुकायला लागतं काय? आपण सीटवर बसलो की टायर जमिनीपाशी चेपतो, म्हणजे उभ्या सायकलीला टेप लावून घेतलेला व्यास रस्त्यावर उरतच नाही. हवा कमी असेल तर चाक लहान होतं, फेरे वाढतात. उन्हं चढली की आतली हवा तापते, चाक किंचित फुगतं, फेरे घटतात.

म्हणून जाणता माणूस व्यासाच्या नादी लागत नाही. सरळ, सपाट रस्त्यावर टेपनं 100 मीटर आखतो, खुणेवर व्हॉल्व्ह खाली आणतो आणि स्वतः बसून सायकल चालवतो. पूर्ण फेरे 45 भरतात, वर थोडं उरतं. ते आऱ्या मोजून काढायचं: 32 आऱ्यांच्या चाकात एका आरीमागे सुमारे 7 सेंटीमीटर. अशा दोन-तीन खेपांची सरासरी धरली की परीघ आपसूक निघतो, भारासकट आणि हवेसकट. निघताना एकदा आणि दौंडला पोचल्यावर पुन्हा एकदा.

चढाची भीती मात्र उगाच. शंभराला एक चढ असला तरी 100 मीटरमागे अर्धा सेंटीमीटर वाढतो. खरा चोर आपलं हँडल. खड्डा चुकवायला वळलात, ट्रॉलीला वाट दिलीत, तर ते सगळं चाक इमानानं मोजतं. चाकाला रस्ता कळत नाही, फक्त आपण कसे गेलो ते कळतं. त्यामुळे त्याचा आकडा रस्त्याच्या मध्यरेषेपेक्षा बहुधा मोठाच निघतो.

हल्लीच्या सायकल मीटरमध्ये चिंधीच्या जागी चुंबक असतो, पण परीघ मिलिमीटरमध्ये आपल्यालाच भरावा लागतो. टायरवर छापलेल्या मापावरून तो भरू नका; आधी 100 मीटर आखा.