नाव शेवटी छापायचं

संपादकांनी लेख मागताना विचारलं, “दिवाळीचे गिफ्ट हॅम्पर म्हणजे पंधरा दिवसांचा धंदा. बाकी वर्षभर तुम्ही काय करता?” हाच समज आमच्या वेबसाइटवर ऑक्टोबरात येणाऱ्या ग्राहकांचा असतो. कंपन्यांचे खरेदी अधिकारीही तसंच धरून चालतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. देहूरोडच्या आमच्या गोदामात दिवाळी आषाढातच लागते.

जुलैपर्यंत पुठ्ठ्याचे खोके, काचेच्या बरण्या आणि पितळी पणत्या आलेल्या असतात. पुढे छापखाने तुंबतात आणि भाव चढतात, म्हणून ही घाई. पण मावळचा पावसाळा पुठ्ठ्याला सोसत नाही. खोके थेट फरशीवर ठेवले तर तळ ओल धरतो आणि भरलेला खोका उचलताना बसतो. म्हणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचायचे. बदाम-काजू आधी घेतले तरी हवाबंद ठेवायचे. काजू दाताखाली कटकन तुटण्याऐवजी वातड लागला, तर तो लॉट खोक्यात जात नाही.

चिकी मात्र मी कधीच आधी भरत नाही. लोणावळा आमच्याच लोकलच्या मार्गावर असल्याने लोकांना वाटतं, कधीही आणा. पण गूळ हवेतलं पाणी ओढतो. पाऊस असताना भरलेली चिकी दिवाळीपर्यंत कागदाला चिकटते. ऑर्डर ऑगस्टमध्ये नोंदवायची, माल पाऊस ओसरल्यावर ताजा उचलायचा.

नावाचंही तेच. खोका कोरा ठेवायचा आणि कंपनीचं चिन्ह व कर्मचाऱ्याचं नाव वरून सरकवायच्या कागदी पट्ट्यावर छापायचं. दिवाळीपर्यंत कुणी नोकरी सोडतं, कुणी नवं येतं, पन्नास खोके वाढतात. खोक्यावरच छापलं असतं तर उरलेला माल कुणालाच विकता आला नसता. कंपनीचं चिन्ह व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चालत नाही, ते छपाईत फाटतं. मूळ फाइलच लागते. नावांची यादी एचआरने तपासून लेखी मंजूर केल्याशिवाय मी छपाईला देत नाही. ‘श्वेता’ची ‘स्वेता’ झाली, तर तिला आतले बदाम आठवणार नाहीत.

आता जी ऑर्डर मला अजून छळते, ती सांगतो. 2025 सालची, चाकणच्या एका कारखान्याची. 400 खोके, प्रत्येकी 1000 रुपये, करासह. बदाम, पिस्ते, चिकी, पणत्या आणि शेवटी साहेबांच्या आग्रहाने गरम-गार ठेवणारी व्हॅक्यूम बाटली. नमुन्याचा खोका गणपतीआधीच पसंत झाला होता. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर घटवले; बदाम-पिस्त्यांवरचा 12 टक्के कर 22 सप्टेंबरपासून 5 होणार होता. खरेदीवाले म्हणाले, थांबू. पितृपक्षात तसंही कुणी सही करत नाही. 22 तारखेलाच घटस्थापना होती आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. म्हणजे हातात उरला एक महिना.

शिवाय ज्या बचतीसाठी ते थांबले, ती त्या बाटलीने खाल्ली असती. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, की सगळ्या खोक्यावर त्यातला सर्वांत चढा दर लागतो. कायद्याने त्याला मिश्र पुरवठा म्हटलं आहे आणि उदाहरणच मिठाई, चॉकलेट, सुक्या मेव्याच्या पुड्याचं दिलं आहे. बाकी वस्तू 5 टक्क्यांच्या, बाटली 18 ची. हजारातला कर 5 टक्क्यांनी सुमारे 48 रुपये होतो, 18 टक्क्यांनी सुमारे 153. फरक खोक्यामागे 105 रुपयांचा, 400 खोक्यांवर जवळपास 42 हजारांचा! भेट म्हणून वाटलेल्या मालावरच्या कराचं क्रेडिट कंपनीला मिळत नाही, त्यामुळे हे पैसे कायमचे गेले असते.

यावर काही हिशेबनीस सुचवतात, खोका एकच ठेवा, बिलात ओळी वेगळ्या करा. मला हे पटत नाही आणि मी त्यावर भांडत आलो आहे. एका किमतीचा सौदा करून मागाहून आकडे फोडले, तर वस्तू वेगळ्या विकल्या असं कसं म्हणायचं? बाटलीचा भाव वेगळा ठरवा, तिची मागणी वेगळी द्या, ती वेगळ्या वेष्टनात येऊ द्या. त्या कारखान्याला मी हेच सांगितलं. बाटली नावासकट स्वतंत्र गेली, आणि खोक्यात खाऊ व पणत्या राहिल्या. महिना कमी पडला नाही, कारण खोके कोरे होते, चिकी नोंदवलेली होती आणि छापायचे होते फक्त पट्टे. पण माणसं रात्री जागली, याची सल राहिलीच.

म्हणून खरेदी अधिकाऱ्यांना विनंती: खोक्यात काय आणि किती, हे गणपतीआधी लेखी द्या. आगाऊ रक्कम त्याच वेळी द्या, म्हणजे माल अडवून ठेवता येतो. नावांची यादी दसऱ्याला दिली तरी चालेल. आणि ऐन वेळी एखादी वस्तू वाढवावीशी वाटली, तर तिच्या किमतीआधी तिचा कराचा दर विचारा.