एकाच टोकाची चिठ्ठी

मामाचं टॅक्सचं ऑफिस बेळगावात खडेबाजारातून टिळकवाडीत हलवायचं होतं. टेबलं पाचच, पण जीएसटीआर-३बी भरायची २० तारीख तीन दिवसांवर आलेली. मला सुट्टी, म्हणून वायरींचं काम माझ्याकडे.

प्रत्येक टेबलाचा एक कागद केला: सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड, वायरी किती, डिजिटल सहीचं टोकन कुठल्या खोक्यात. सुटं करण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढला. अडॅप्टरांवर नंबराची चिकटपट्टीही लावली, पण अडॅप्टर कुठल्या यंत्राचा ते लिहिलंच नाही. टेबलाचा नंबर पुरेसा वाटला.

नव्या जागेत राउटर आणि नेटवर्क स्विच एकाच टेबलाचे, म्हणजे दोन्ही अडॅप्टरांवर ‘१’. दोघेही काळे, पिन सारखीच. पण राउटरचा १२ व्होल्टचा, स्विचचा ५ चा. मी १२ चा स्विचला जोडला. दिवा एकदा लुकलुकला आणि जळका वास आला.

“अगं, पाठीवर छापलंय ते वाच की आधी!” मामा ओरडला. बरोबरच होतं.

वाचवलं ते खोकी उघडण्याच्या क्रमाने. आधी राउटर, मग रिटर्न भरणारं टेबल, मग प्रिंटर, फायली शेवटी, असं ठरलेलं. राउटरच्या चार खाचांत तीन टेबलं आणि प्रिंटर बसले. उरलेली दोन टेबलं नवा स्विच येईपर्यंत थांबली.

त्या रात्री बसून प्रत्येक अडॅप्टरवर यंत्राचं नाव आणि व्होल्ट लिहिले, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर.