वायफायचा पासवर्ड राउटरच्या आतच होता

मंडळी, खरड छाटणी उरकली, ऊन चाळीशीच्या वर गेलं आणि नेमका फोन शेततळ्यात पडला. ठिबकचा कंट्रोलर जुन्याच वेळेने पाणी देत होता. फुटवे निघायला लागलेले, म्हणून पाण्याची वेळ वाढवायची होती. पण आमच्या शेतावर रेंज नाही, कंट्रोलरचं ॲप वायफायवरच चालतं, आणि पासवर्ड फक्त त्या बुडालेल्या फोनला माहीत.

राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून पाहिला, चालेना. तो कंपनीतून आलेला असतो, आम्ही तो दोन वर्षांपूर्वीच बदलला होता. पुतण्या म्हणाला, "काका, रीसेटचं बटण दाबू का?" म्हटलं, हात लावू नकोस. रीसेट केलं की इंटरनेटवाल्याने भरलेली सेटिंगही पुसली जाते, आणि कंट्रोलर, कॅमेरे सगळे परत जोडत बसावं लागतं.

घरातला जुना लॅपटॉप काढला. लॅन केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं राउटरच्या LAN लिहिलेल्या भोकात. केबलला वायफायचा पासवर्ड लागत नाही, सगळी गंमत इथंच आहे. मग काळ्या खिडकीत (cmd) हे टाकलं:

```
ipconfig
```

Default Gateway समोर 192.168.1.1 आलं. तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो. तोच ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला. "Not secure" असं दिसलं तरी घाबरू नका, राउटर आपलाच आहे. आता त्या पानाचं लॉगिन लागतं. ते वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळं असतं आणि बहुतेक वेळा त्याच स्टिकरवर असतं. आमचं कुणी बदललं नव्हतं म्हणून निभावलं. तेही बदलून विसरला असाल, तर मात्र रीसेटशिवाय इलाज नाही.

आत Wireless, काही राउटरवर WLAN, आणि त्यात Security. तिथं Pre-Shared Key समोर नुसते ठिपके होते. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं आणि पासवर्ड उघडा पडला. 2.4GHz आणि 5GHz ची पानं वेगळी असतील तर आपल्या वायफायचं नाव ज्या पानावर आहे तिथलाच घ्यायचा. Save किंवा Apply ला हात लावायचा नाही, चुकून काही बदललं तर कंट्रोलरच तुटायचा.

एवढं करूनही फोन दोनदा "चुकीचा पासवर्ड" म्हणाला. शेवटी पासवर्ड कॉपी करून विंडोज 10 च्या नोटपॅडमध्ये टाकला. त्यात शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, म्हणून कळलं की मी ज्याला O समजत होतो ते शून्य होतं.

तिसऱ्यांदा जोडलं गेलं. पाण्याची वेळ वाढवली, आणि पासवर्ड स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहिला. शून्याच्या पोटात रेघ मारूनच.