रिकाम्या रकान्यात कोण असतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय माझ्याच एका चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेसमोर चहा पिता पिता एका तालुक्याचा अंगणवाड्यांचा मासिक अहवाल हाती लागला. महिना फेब्रुवारी. कमी वजनाच्या मुलांची टक्केवारी दिवाळीआधीच्या महिन्यापेक्षा चांगली खाली आली होती. दोन आकडे, एक वजाबाकी, बातमी तयार. 'तालुक्यात कुपोषण घटले'. सकाळी छापून आली, दोन-चार लोकांनी अभिनंदनही केलं.

दुपारी एका अंगणवाडी ताईंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, हसतच म्हणाल्या, "दादा, कुपोषण कुठं घटलं? पोरं घटली. अर्धा तांडा कारखान्यावर गेलाय. जी पोरं इथं आहेत त्यांचंच वजन होतंय ना!"

मी अहवाल पुन्हा काढला. टक्केवारीच्या शेजारी एक रकाना होता, 'वजन घेतलेली बालके'. तो मी वाचलाच नव्हता. पटावरची मुलं आणि वजन घेतलेली मुलं यात मोठी तफावत होती. माझी बातमी ज्या मुलांबद्दल होती, त्यातली बरीच मुलं आकड्यात नव्हतीच.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बातमीचे सहा 'क'कार शिकवले, पण रिकाम्या रकान्याला 'का?' विचारायचं कुणी शिकवलं नाही. संख्याशास्त्रात मात्र यावर चांगलं काम झालेलं आहे. डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1976 साली गहाळ माहितीवर एक निबंध लिहिला. त्यातून पुढे जी वर्गवारी रूढ झाली ती तीन प्रकारांची. किती माहिती गहाळ आहे यापेक्षा ती कशामुळे गहाळ झाली, यावर ही वर्गवारी उभी आहे. आपल्या अंगणवाडीवरच ती लावून बघू.

पहिला प्रकार. ताईंचा वजनकाटा बिघडला, त्या दिवशी रांगेत उरलेल्या दहा मुलांचं वजन राहिलं. काटा काही मूल बघून बिघडत नाही. राहिलेल्या मुलांत हडकुळी, गुटगुटीत सगळी सारखीच मिसळलेली. याला म्हणतात 'मिसिंग कम्प्लीटली ॲट रँडम', म्हणजे निव्वळ योगायोगाने गहाळ. इथे नुकसान एवढंच की आकडा थोड्या मुलांवर उभा राहतो. पण तो एका बाजूला झुकत नाही. उरलेल्यांची टक्केवारी सगळ्यांची म्हणून वापरली तरी चालतं.

पण योगायोग दिसतो तितका सोपा नसतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं होतं, आठवतं? फोन अडकतो, माहिती भरली जात नाही, ही तक्रार. वरवर पाहता हा यंत्राचा दोष, म्हणजे निव्वळ योगायोग. पण फोन चालला तरी रेंज कुठे नसते? डोंगराकडेच्या वस्तीवर, तांड्यावर. आणि तिथली मुलं शहराजवळच्या गावातल्या मुलांसारखीच असतील, असं गृहीत धरता येत नाही. म्हणजे दोष यंत्राचा असला तरी रिकामी जागा ठरावीक मुलांच्याच वाट्याला येते.

दुसरा प्रकार. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं निघतात. बीड जिल्हा यासाठी प्रसिद्धच आहे, पण मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतूनही लोक जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहान लेकरं सोबत. परतणं गुढीपाडव्याच्या आगेमागे. या काळात या घरांची मुलं वजनाला येत नाहीत. पण कोणतं घर ऊसतोडीचं, हे ताईंच्या रजिस्टरवरून कळतं. गैरहजेरीचं कारण जर आपल्याकडे असलेल्या माहितीतच सापडत असेल, आणि ती माहिती धरल्यावर मुलाच्या वजनाचा गैरहजेरीशी वेगळा संबंध उरत नसेल, तर तो 'मिसिंग ॲट रँडम'. नाव फसवं आहे. यात योगायोग काही नाही, पण दुरुस्ती शक्य आहे.

कशी, ते सोप्या आकड्यांत सांगतो. आकडे हिशोबासाठी मी घेतलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत.

समजा पटावर 100 मुलं. 60 गावातच राहणाऱ्या घरांची, 40 ऊसतोडीच्या घरांची. फेब्रुवारीत पहिल्या गटातल्या 50 मुलांचं वजन झालं, 10 कमी वजनाची निघाली, म्हणजे 20 टक्के. दुसऱ्या गटातली फक्त 10 मुलं हजर, त्यात 4 कमी वजनाची, म्हणजे 40 टक्के. अहवालात काय जाईल? 60 मुलांत 14. साधारण 23 टक्के. माझी बातमी याच आकड्याची होती.

आता गट वेगळे ठेवून मोजा. 60 चे 20 टक्के म्हणजे 12. 40 चे 40 टक्के म्हणजे 16. एकूण 100 मुलांत 28. एकही नवीन वजन न घेता आकडा 23 वरून 28 वर गेला. कारण हजेरीत ऊसतोडीची मुलं दर सहात एक होती, पटावर मात्र दर पाचात दोन आहेत.

इथे थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण मी त्या ताईंना एक प्रश्न विचारला. "ऊसतोडीच्या घरची जी मुलं गावात राहिली, ती कोण?" त्या म्हणाल्या, "ज्यांना सांभाळायला आजी आहे ती. थोडी मोठी. अंगावर पिणारी, रांगणारी आईसोबतच जातात."

म्हणजे मागे राहिलेलं मूल आजीच्या हातचं खातं, अंगणवाडीत शिजलेलं खातं, तापलं तर उपकेंद्र जवळ आहे. गेलेलं मूल फडाशेजारच्या कोपीत आहे. हजर 10 मुलांवरून गैरहजर 30 मुलांचा अंदाज बांधायचा, तर ही दोन्ही सारखीच आहेत असं मानावं लागतं. आणि ती सारखी असतील असं वाटत नाही. एकाच गटात, गैरहजर असणं हेच कमी वजनाशी बांधलेलं आहे. हा तिसरा प्रकार, 'मिसिंग नॉट ॲट रँडम'. जी गोष्ट मोजायची होती, तिचाच गैरहजेरीशी संबंध.

गावात राहणाऱ्या मुलांतही हे घडतं. लेकरू आजारी आहे, जुलाब चालू आहेत, म्हणून आई त्याला वजनाच्या दिवशी आणतच नाही. ताईंनी आणखी एक गोष्ट हळूच सांगितली. "वजन कमी निघालं की विचारणा आमच्याकडंच होते, दादा. मग एखादीला वाटतं, या महिन्यात राहू द्या." वजन कमी असल्यामुळेच वजन नोंदलं गेलं नाही. असा रकाना रिकामा दिसतो, पण खरं तर तो बरंच काही सांगत असतो.

दुसरा प्रकार की तिसरा, हे भरलेल्या आकड्यांवरून कधीच सिद्ध होत नाही. कारण पुरावा नेमका गहाळ भागात असतो. कितीही भारी सॉफ्टवेअर आणा. मग करायचं काय?

एक, मागचा महिना बघायचा. आज गैरहजर असलेल्या मुलांचं दिवाळीआधीचं वजन रजिस्टरमध्ये आहे. ते आज हजर असलेल्यांपेक्षा आधीच कमी होतं का? असेल, तर निव्वळ योगायोगाचा दावा तिथेच संपला. पण जुनं वजन उतरवून रकाना भरायचा नाही. चार महिन्यांत घसरलेलं मूल त्यामुळे कागदावर जसंच्या तसं राहतं. सरासरी टाकून भरणंही तसंच, ते न बघितलेल्या मुलाला हजर मुलांसारखं मानणं झालं.

दोन, गहाळ मुलांपैकी काहींना शोधून काढायचं. पाडव्यानंतर कुटुंबं परतली की त्या 30 पैकी चिठ्ठ्या टाकून 10 मुलं निवडा, घरी जाऊन वजन करा. समजा 6 कमी वजनाची निघाली. मग 30 चा अंदाज 18. त्यात मागे राहिलेल्यांतली 4 आणि गावातल्या गटाचे 12. एकूण 34 टक्के. गावातली जी 10 मुलं आली नव्हती, ती हजर मुलांसारखीच, असं मी इथे मानलंय. तेही तपासायला हवं. शिवाय 10 हा आकडा छोटा आहे, एका मुलाने अंदाज तीन टक्क्यांनी हलतो. वजन पाडव्याचं आहे, फेब्रुवारीचं नाही. तरीही कारखान्यावर गेलेली मुलं त्यात प्रथमच दिसतात.

तीन, शोधणं जमलंच नाही, तर निदान दोन टोकं सांगायची. गैरहजर 40 पैकी एकही कमी वजनाचं नसेल तर 14 टक्के, सगळीच असतील तर 54. पट्टा रुंद आहे, पण खरा आहे. '23 टक्के' असं ठासून सांगणं नेमकं दिसतं आणि चुकतं.

हे फक्त एका तालुक्यापुरतं नाही. पोषण ट्रॅकरच्या जून 2024 च्या माहितीनुसार देशातली मोजलेली 17 टक्के मुलं कमी वजनाची. घरोघरी जाऊन केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 साली, हाच आकडा 32.1 टक्के होता. आपल्या राज्यात 36.1. सगळा फरक रिकाम्या रकान्यांमुळे, असं मी म्हणत नाही. वर्षं वेगळी, वयोगट थोडा वेगळा, मोजणारे हात वेगळे, आणि या काळात सुधारणाही झाली असेल. सर्वेक्षणालाही कुलूपबंद घरं लागतातच. पण ट्रॅकरचा आकडा 'मोजलेल्या मुलांचा' आहे. न मोजलेली मुलं कोण, हे कळल्याशिवाय त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून 'घट' म्हणता येत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

खुलासा मी आठवड्याने लिहिला. आतल्या पानावर, चार ओळी. बातमी वाचलेल्या किती जणांनी तो वाचला, ठाऊक नाही. म्हणून ही पोस्ट.

आता असा अहवाल आला की मी टक्केवारीच्या आधी दोन आकडे बघतो, पटावर किती आणि मोजले किती. मग फोन लावून विचारतो, "ताई, जी आली नाहीत, ती का आली नाहीत?" उत्तर 'काटा बिघडला' असेल तर बातमी लिहितो. 'कारखान्यावर गेली' असेल तर गट वेगळे करून मागतो. आणि ताई जरा थांबून "आता काय सांगू, दादा" म्हणाल्या, तर गाडी काढतो.

तुमच्या गावातली लेकरं पाडव्याला परतली की त्यांचं वजन पुन्हा होतं का? माहीत असेल तर जरूर कळवा.